धागा : नकाशातली बाई पाचगणीला 'पाचग्णी' का म्हणते?

पसरणीघाट
मी साताऱ्यात गाडी चालवतो, पर्यटकांना वाई, पाचगणी, महाबळेश्वर फिरवून आणतो. फोनमधला नकाशा मराठीत बोलायला लावलाय. त्यातली बाई फलटण बरोबर म्हणते, कराड बरोबर, सांगलीसुद्धा आपण म्हणतो तशीच. पण घाट चढायला लागलो की 'पाचग्णी' म्हणते. ग आणि ण एकमेकांना चिकटवून. माझं गाव पायथ्याला आहे, लहानपणापासून नाव ऐकतोय, त्यामुळं ते कानाला टोचतं. परवा मागं बसलेल्या पाहुण्यांनीही तसंच म्हणायला सुरुवात केली.

मग विचार केला की आपण तरी कुठं लिहिलेलं सगळं म्हणतो? सांगली लिहितो, 'सांग्ली' म्हणतो. फलटण लिहितो, 'फल्टण्' म्हणतो. लिहिलेला अ कुठं गिळायचा आणि कुठं नाही हे आपल्याला कुणी शिकवलं? यामागं काही नियम आहे का? जाणकारांनी सांगावं.

भडंगप्रेमी
सांगलीकर भडंगाबरोबर अ पण खातात दादा. आमच्याकडं पोटभर खातात.

कोयनाकाठ
हा हिंदीचा परिणाम. हिंदीवाले राम, घर, बात सगळ्याचा शेवट तोडून बोलतात, तेच टीव्हीवरून आपल्याकडं आलं. मूळ मराठीत पूर्ण उच्चार होता.

शुद्धलेखन_हवंच
विषय काढलात ते बरं केलंत. हल्ली मुलांना पाय मोडायचा कुठं हेच कळत नाही. आमच्या वेळी विद्वान्, भगवान्, साक्षात् असं पाय मोडून लिहायचे. आता सगळं सरसकट विद्वान, भगवान. त्यामुळंच उच्चार बिघडले.

मुद्रितशोधिका
काका, धाग्याचा प्रश्न वेगळा आहे. पाय मोडायचा की नाही हे लिहिण्याबद्दल झालं, आणि १९६२च्या नियमांपासून विद्वान, साक्षात असे शब्द पाय न मोडता लिहायचे हे ठरलंय. उच्चार त्यामुळं बिघडलेला नाही. विद्वान्‌मधला न आणि दुकानमधला न आपण सारखाच म्हणतो. म्हणूनच तर पाय मोडायची गरज राहिली नाही.

माळावरचा_मास्तर
पसरणीघाट, प्रश्न फार चांगला आहे. तीस वर्षं तासगाव तालुक्यात मराठी शिकवलं, पण 'पाचगणी'कडं या अंगानं कधी पाहिलं नव्हतं. काल रात्री वहीत गावांची नावं लिहून बसलो होतो.

आधी कोयनाकाठ यांना उत्तर. हे हिंदीकडून आलेलं नाही, दोन्ही भाषांत आपापलं घडलंय. शब्दाचा शेवटचा स्वर झिजत जाणं ही शेकडो वर्षांची चाल आहे. संस्कृत रामः, प्राकृतात रामो, जुन्या मराठीत रामु. ज्ञानेश्वरांच्या काळच्या मराठीत देवु, ग्रंथु असे उकार पानोपानी दिसतात. तो उ झिजून अ झाला आणि शेवटी अही गेला. लिपीत मात्र अला वेगळी खूण नसते, क लिहिला की त्यात अ आलाच. त्यामुळं उच्चार गेला तरी लिहिण्यात काहीच बदललं नाही.

आता मधला अ. आपल्या मिरजेवरून सांगतो.

मिरज म्हणताना शेवटचा ज पाय मोडल्यासारखा, 'मिरज्'. र मधला अ नीट ऐकू येतो. आता 'मिरजेला' म्हणून बघा. 'मिर्जेला' झालं! ज ला ए मिळाला, आणि र चा अ पडला. आता 'मिरजकर' म्हणा. 'मिरज्कर्'. र चा अ परत आला, या वेळी ज चा गेला. एकच गाव, तीन रूपं.

माझ्या वहीत ते असं बसलं : ज्या अक्षराचा अ तपासायचा, त्याच्या आधी बोललेला स्वर हवा आणि पुढच्या अक्षरालाही बोललेला स्वर हवा. दोन्ही बाजूंना आधार असला की मधला अ पडतो. एका बाजूचा आधार नसला तर राहतो. शब्दाच्या अगदी शेवटचा अ आधीच पडलेला धरायचा, आणि शेवटाकडून सुरुवातीकडं तपासत यायचं.

फलटण घ्या. ण चा अ शेवटचा, गेला. ट च्या पुढं आता नुसता ण् आहे, आधार नाही, म्हणून ट चा अ राहिला. ल च्या आधी फ चा अ, पुढं ट चा अ, दोन्हीकडं आधार, म्हणून ल चा गेला. फ च्या आधी काहीच नाही, तो राहिला. 'फल्टण्'.

पसरणीघाट
मास्तर, बसलो आणि करून बघितलं. आटपाडी 'आट्पाडी', म्हसवड 'म्हस्वड्', तासगाव 'तास्गाव्'. सगळी बसतात. पण मग पाचगणी? ग च्या आधी च चा अ, पुढं णी. दोन्हीकडं आधार. तुमच्या नियमानं 'पाचग्णी'च होतंय! म्हणजे नकाशातली बाई बरोबर आणि आम्ही घाटावरचे चूक?

माळावरचा_मास्तर
तुम्ही बरोबर, बाई चूक. तिला माझाच नियम शिकवलेला असणार. हिंदीसाठी जवळपास हाच नियम मंजरी ओहाला यांनी १९८३च्या पुस्तकात मांडलाय, आणि बोलणारी यंत्रं बनवताना तसलाच काहीतरी वापरावा लागतो. पाचगणी का निसटते ते उद्या लिहितो, जरा विचार करू दे.

कोयनाकाठ
मग उलट दिशेनं तपासा की! सुरुवातीकडून. पा चा आ, मग च : आधी आ, पुढं ग चा अ, म्हणून च चा गेला. आता ग च्या आधी नुसता च् आहे, आधार नाही, ग चा अ राहिला. 'पाच्गणी'. झालं काम. मास्तरांची दिशा चुकली.

विट्याहून
कोयनाकाठ दादा, तुमच्या दिशेनं मिरजकर तपासा. र च्या आधी मि, पुढं ज चा अ, म्हणून र चा आधी जाणार. 'मिर्जकर'. असं कुणी म्हणतं का?

कोयनाकाठ
नाही म्हणत. मान्य. पण पाचगणी तर माझ्याच दिशेनं बसते.

जतचा_पाहुणा
आमच्या घरी कन्नड बोलतात. कन्नडात लिहिलेला अ म्हणायचाच असतो. राम लिहिलं तर शेवटचा अ पूर्ण येतो. माझे आजोबा कुणाला 'राम' म्हणून हाक मारायचे तेव्हा मराठी शेजाऱ्यांना ते 'रामा' ऐकू यायचं. पहिलीत मराठी शाळेत गेलो तेव्हा मी 'घर' हा शब्द असाच वाचला, अ सकट, आणि वर्ग हसला. बाई म्हणाल्या, र हळू म्हण. मी र हळू आवाजात म्हटला. अ टाकायचा आहे हे समजायला पुष्कळ दिवस गेले, कारण कुणी सांगतच नव्हतं. सांगणाऱ्याला स्वतःलाच माहीत नसतं की तो टाकतोय.

मृदंगमणी
गाताना मात्र आम्ही सगळे कन्नडच होतो की मग! भजनात 'राम' चा म लांबवून अ वर थांबावंच लागतं. 'म्' वर तोंड मिटतं, सूर धरणार कशावर?

माळावरचा_मास्तर
मृदंगमणी, छान आठवण दिलीत. नुसत्या गाण्यात नाही, वृत्तातही तो अ जिवंत आहे. सज्जनगडावर रोज म्हटला जाणारा श्लोक, साताऱ्यातल्या पोराला झोपेतही येतो : 'गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा'. वृत्त भुजंगप्रयात, ओळीत अक्षरं १२. एक लघू, दोन गुरू, असं चार वेळा.

मोजा : ग, णा, धी. श, जो, ई. श, सर्, वां. गु, णां, चा. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाची सुरुवात 'श'नं होते आणि ती जागा लघूची आहे. म्हणजे 'गणाधीश' आणि 'ईश' दोन्हींचा शेवटचा अ म्हटलाच पाहिजे. बोलताना आपण 'गणाधीश्' म्हणतो. तसं श्लोकात म्हटलं तर १२ च्या जागी १० अक्षरं उरतात आणि चाल लंगडते. मुलं शाळेत हा श्लोक म्हणताना श नीट म्हणतात आणि पुढच्याच मिनिटाला वर्गातल्या गणेशला 'गणेश्' म्हणून हाक मारतात. दोन्ही बरोबर करतात, न शिकवता. वर्गात हे रोज बघायचो आणि रोज नवल वाटायचं.

हळदबाजार
माझी एक अडचण यातच आहे का बघा. मी सांगलीत हळदीचा व्यापार करतो. उत्तरेतला व्यापारी 'हल्दी' म्हणतो आणि लिहितो पण ल ला द जोडून. आपण पाटीवर लिहितो हळद, भाव काढताना म्हणतो 'हळ्दीचा भाव'. मुलगा चौथीत आहे, त्यानं निबंधात 'हळ्दी' असं जोडाक्षर लिहिलं आणि बाईंनी लाल रेघ मारली. तो विचारतो, मी बोलतो तसंच लिहिलं, चुकलं काय? मला उत्तर देता आलं नाही.

मुद्रितशोधिका
दादा, मुलाचा कान उत्तम आहे, हे त्याला आधी सांगा. त्यानं ऐकलं ते खरंच आहे. मराठीत मूळ शब्द हळद, त्यात द चा अ बोलताना जातो आणि ळ चा राहतो. 'हळदी'त उलट होतं. आपण दोन्हीकडं 'हळद' ही अक्षरं तशीच ठेवतो, म्हणजे वाचणाऱ्याला मूळ शब्द डोळ्यांना दिसतो. हळद, हळदी, हळदीला, तिन्हीत कुटुंब एकच. हिंदीत मूळ शब्दच हल्दी, त्यांच्याकडं वेगळा 'हळद' जपायचा नाही, म्हणून ते जोडून लिहितात.

आणि हा न बोललेला अ आपल्या शुद्धलेखनात दुसऱ्या वाटेनं दिसतोच. खानापूर लिहिताना पू दीर्घ, खानापुरात लिहिताना पु ऱ्हस्व. का? खानापूरमध्ये शेवटचा र अ शिवाय आहे, सगळा भार पू वर येतो, तो लांबतो. खानापुरात म्हटलं की र ला आ मिळाला, भार पुढं सरकला. फूल आणि फुलाला, वीट आणि विटेला, मूल आणि मुलाला, सगळं तेच. माझ्याकडं येणाऱ्या मजकुरात सगळ्यात जास्त चुका इथं असतात, आणि नियम पाठ करणाऱ्यांच्याच जास्त. मोठ्यानं म्हणून बघणाऱ्यांच्या कमी.

हळदबाजार
ताई, आज रात्रीच त्याला बसवून सांगतो. आभारी आहे.

शुद्धलेखन_हवंच
खानापूर-खानापुरात हे कारण मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. नियम म्हणून पाठ केला होता. पण मग गुण, विष यांत उकार इकार ऱ्हस्व का लिहायचे?

मुद्रितशोधिका
ते संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले, म्हणून संस्कृतातल्यासारखे लिहायचे. बोलताना आपण 'गूण', 'वीष'च म्हणतो, काका. तिथं लिहिणं आणि बोलणं वेगळं पडलंय खरं.

विट्याहून
मास्तर, तुमचा नियम आणखी एका ठिकाणी अडतो. शब्दच 'अडचण' आहे. अडचण : ण चा गेला, च चा राहिला, ड चा गेला. 'अड्चण्'. बरोबर. आता 'अडचणी'. शेवटाकडून आलो तर च च्या आधी ड चा अ, पुढं णी, म्हणून च चा जायला हवा. 'अडच्णी'. असं तर कुणीच म्हणत नाही, 'अड्चणी'च म्हणतात. घसरण आणि घसरणी पण तसंच.

हिंदीत तर अजून मजा आहे. 'धड़कने लगा' मध्ये 'धड़क्ने' म्हणतात आणि 'दिल की धड़कनें' मध्ये 'धड़्कनें'. शेवटचा अनुस्वार सोडला तर अक्षरं तीच. मी एका कंपनीत मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर काम केलंय, तिथं हा शब्द दोन महिने डोकं खात होता. शेवटी असे शब्द वेगळ्या यादीत टाकले. नियम म्हणून काही सुचलं नाही.

माळावरचा_मास्तर
विट्याहून, तुमच्या अडचणीनंच माझी पाचगणी सुटली! सकाळपासून हेच करतोय.

अख्खा शब्द एकदम तपासायचा नाही. आधी मूळ शब्द तपासून पक्का करायचा, मग शेपूट जोडायचं.

अडचण आधी पक्की झाली : 'अड्चण्'. ड चा अ गेला तो गेला. आता ई जोडा. च च्या आधी ड् आहे, स्वर नाही, आधार नाही. म्हणून च चा अ राहतो. 'अड्चणी'. तुमचं 'धड़कन' तसंच, आधी 'धड़्कन्' झालं, मग अनेकवचन. 'धड़कने'त मात्र मूळ आहे धड़क, 'धड़क्', त्याला ने जोडला, म्हणून 'धड़क्ने'.

हळदीत मूळ 'हळद्', मध्ये अजून काही पडलेलं नाही, म्हणून ई लागल्यावर ळ चा अ पडायला मोकळा. मिरजेलाही तसंच. आणि मिरजकर : 'मिरज्' पक्कं, त्याला कर जोडलं. इथं दिशेचा प्रश्नच उरत नाही. म्हणजे कोयनाकाठ, तुमचा आणि माझा वाद मिटला, दोघांनीही टोक चुकीचं धरलं होतं.

आता पाचगणी. हा एक शब्द नाहीच, दोन आहेत. पाच आणि गणी. पाच टेकड्यांवरून नाव पडलं असं सांगतात, ते काहीही असो, आपल्या कानाला 'पाच' वेगळा ऐकू येतो. आणि शब्दाच्या पहिल्या अक्षरातला अ कधीच पडत नाही, कारण त्याच्या आधी आधाराला स्वरच नसतो. गणी मधला ग हा पहिला आहे. म्हणून 'पाच्' आणि 'गणी'.

ताळा करून बघा : रानकवी. आपण 'रान्कवी' म्हणतो, 'रानक्वी' नाही. लोककला 'लोक्कला', 'लोकक्ला' नाही. कवी आणि कला हे शब्द आत जिवंत आहेत, त्यांचं पहिलं अक्षर कुणी गिळत नाही.

पसरणीघाट
मास्तर, अंगावर काटा आला. म्हणजे महाबळेश्वर पण? ब च्या आधी आ, पुढं ळे, दोन्हीकडं आधार, तरी आपण ब पूर्ण म्हणतो.

माळावरचा_मास्तर
बरोबर पकडलंत. महा आणि बळेश्वर. ब पहिला.

माणदेशातून
बाकीचं मला कळत न्हाई, पण माजी आजी 'म्हाब्ळेसर'च म्हणायची. ब आणि ळ चिकटवून. ती चुकीचं बोलत हुती का?

माळावरचा_मास्तर
अजिबात नाही. आजींच्या लेखी ते दोन शब्द राहिलेच नव्हते, एक गाव झालं होतं. जोड विसरला की अ पडायला मोकळा होतो. उलट आजींचा उच्चारच सांगतो की नियम किती खोलवर आहे. अशा आणखी आठवणी असतील तर जरूर लिहा, मी टिपून ठेवतोय.

जतचा_पाहुणा
एक शंका. जोडाक्षरानं शेवट असला तर? धर्म, शब्द, मित्र. माझी हिंदी भाषक वहिनी 'शब्द्' म्हणून तोडते. सांगलीत मला शेवटी बारीक अ ऐकू येतो.

कोयनाकाठ
मी 'शब्द्'च म्हणतो बुवा.

मुद्रितशोधिका
तुम्ही तसं म्हणत नसाल असं मला वाटतं, कोयनाकाठ. फोनवर रेकॉर्ड करून 'शब्द आला' आणि 'शब्द' असं वेगवेगळं ऐका. मराठीत जोडाक्षरानंतर अ साधारण टिकतो, हिंदीत तो जास्त गळतो. पण पिढीनुसार फरक पडतोय, माझ्या भाचीचं 'मित्र' आणि माझं 'मित्र' सारखं नाही.

कोयनाकाठ
ऐकलं. 'शब्द आला' मध्ये काही कळत नाही, दोन्ही मिसळतात. एकटं म्हटलं की शेवटी श्वासासारखं काहीतरी आहे. तो अ म्हणायचा की नुसता श्वास, हे मला सांगता येणार नाही.

विट्याहून
कमला, विमला या नावांचं काय? माझी एक आत्या 'कम्ला' आणि घरातले दुसरे 'कमला' म्हणतात. मूळ शब्द आधी पक्का केला तर कमल् + आ, म्हणजे 'कम्ला' यायला हवं. निम्मे लोक तसं म्हणत नाहीत.

माळावरचा_मास्तर
संस्कृत नावं जपून म्हणायची सवय असते, एवढंच सांगू शकतो. त्यावर माझं समाधान झालेलं नाही.

पसरणीघाट
आज पाचगणीची फेरी होती. फोनमध्ये माझ्या यादीतल्या ठिकाणाचं नाव बदलून 'पाच गणी' असं जागा सोडून लिहिलं. बाईनं बरोबर म्हटलं! पाहुण्यांना घाटात गाडी थांबवून सगळं समजावलं, त्यातले एक गृहस्थ अडचणी-अडचणी म्हणत खिडकीतून बोटं मोजत होते.

मग मास्तरांचा नियम तपासायला एक नवीन नाव घातलं. 'कासपठार', मुद्दाम जोडून. आधी कागदावर करून बघितलं : प च्या आधी स चा अ, पुढं ठा, म्हणजे ती 'कासप्ठार' म्हणणार. बटण दाबलं. 'कासप्ठार' म्हणाली. जागा सोडून 'कास पठार' लिहिलं, तर नीट म्हणाली.

सातारा-सांगलीतली अशी जोडनावं प्रत्येकानं इथं टाकत जा, मी एकेक घालून ऐकतो. अर्ध्या रस्त्यात गाडीत बसून एवढं तर करू शकतो.

माणदेशातून
घ्या पहिलं. आमच्या वाडीजवळचा माळ, 'गायरानमळा'. त्यात म चा अ ती खाती का बगा.